जेवताना पाणी प्यावं का? रिफ्लक्स सांभाळताना मला काय कळलं

छातीत जळजळ आणि आडवं झालं की घशाशी येणारं आंबट पाणी, हा त्रास सुरू झाला तेव्हा सगळ्यात आधी जो सल्ला मिळाला तो पाण्याचा होता. जेवणाआधी पाऊण तास आणि जेवणानंतर पाऊण तास पाण्याला हात लावायचा नाही. जेवताना प्यायलीस तर पाचक रस पातळ होतात, अन्न पोटात तसंच पडून राहतं आणि मग आंबतं, असं नणंदबाईंनी मला अगदी कळकळीने समजावलं. त्यांच्या सांगण्यात माया होती आणि नियम सोपा वाटत होता, म्हणून मी तो काटेकोर पाळला.

त्रास कमी होईना. दिवसा जरा बरं असायचं, रात्री मात्र नऊ-साडेनऊच्या जेवणानंतर अकराच्या सुमाराला पाठ टेकली की अर्ध्या तासात घसा जळत उठायचे. शेवटी पोटविकाराच्या डॉक्टरांकडे गेले. गिळायला त्रास होतो का, वजन आपोआप उतरलंय का, शौचाला काळं होतं का, उलटीत रक्त दिसलं का, रक्त कमी आहे का, हे त्यांनी आधी विचारलं. यातलं काहीच नव्हतं, म्हणून एंडोस्कोपी लगेच करायची गरज नाही म्हणाल्या. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, आठ आठवडे. आणि रोज काय, किती, केव्हा खाल्लं-प्यायलं आणि त्रास केव्हा झाला, ते एका वहीत लिहायचं.

मी पाण्याचं विचारलं. "पातळ होऊन पचन बिघडतं, ही भीती मनातून काढून टाका," म्हणाल्या, आणि शांतपणे समजावून सांगितलं. रिकाम्या पोटातला रस फार तीव्र असतो, पीएच साधारण १ ते २; हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. त्यावर ग्लासभर पाणी प्यायलं तर तीव्रता खरंच उतरते, पण थोडी मिनिटंच. पाणी भराभर आतड्यात उतरतं आणि जठर पुन्हा आम्ल सोडतं. जेवताना तर गोष्टच वेगळी. डाळ, दही, भाकरी पोटात पडली की अन्नच आम्ल शोषून घेतं आणि पीएच ४-५ पर्यंत चढतो. पाण्यामुळे होणारा फरक त्यापुढे किरकोळ. जठर काही मोजून ठेवलेला रस वापरत नाही. पोट ताणलं गेलं, प्रथिनं आली, की ते रस वाढवत जातं; दिवसभरात दीड-दोन लिटर रस तयार होतो. पचनाचा मोठा भाग तर पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसांनी होतो. शिवाय शिजलेल्या भातात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असतं. वरण, आमटी, ताक धरलं तर आपण पाणी जेवतच असतो, आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही.

हे ऐकून मला फार हलकं वाटलं. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते माझ्या कामाचं होतं: तुमचा प्रश्न रस पातळ होण्याचा नाही, पोट किती भरतं याचा आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप अधूनमधून आपोआप सैल पडते. जठराचा वरचा भाग ताणला गेला की ती जास्त वेळा सैल पडते आणि आतलं वर येतं. जेवणानंतर आम्लाचा एक थर अन्नाच्या वर, नेमका त्या झडपेजवळ साचतो. त्यामुळे भरल्या पोटी आडवं होणं सगळ्यात वाईट. पोटाला मात्र तो भार पाण्याचा की ताकाचा, याने फरक पडत नाही.

आता वहीतलं एक पान. रात्री साडेनऊला दोन ज्वारीच्या भाकरी, पिठलं, भात-आमटी, वर वाटीभर ताक. जेवताना पाणी नाही. पिठलं-भाकरीसारखं कोरडं जेवण झाल्यावर तहान लागणारच. पाऊण तास घड्याळाकडे बघायचं आणि सव्वादहा वाजता एकदम दोन मोठे ग्लास, म्हणजे पाचशे मिलिलिटरच्या वर. अकराला झोप. साडेअकराला आंबट पाणी घशाशी. अशी पानं एकामागून एक निघाली. तहान साठवायची आणि नेमकी झोपायच्या आधी भागवायची, हे त्या नियमामुळेच होत होतं. दुपारी तेच जेवण, तेवढंच पाणी, पण नंतर मी उभी-बसलेली असायचे, म्हणून त्रास कमी.

मग बदल केले, एकावेळी एकच, म्हणजे कशाने फरक पडतो ते कळेल. आधी जेवताना पाणी सुरू केलं. छोटं फुलपात्र भरून घ्यायचं, शंभर-सव्वाशे मिलिलिटर, आणि घासांमधून घोट घोट प्यायचं. भाकरी घशात अडकेना आणि जेवणानंतरची ती मोठी तहानच गेली. त्यातच बरं वाटू लागलं. दिवसाचं बाकीचं पाणी सकाळी अकराच्या आसपास आणि दुपारी चार-पाचला. मग जेवण आठला आणलं, भात रात्री बंद केला, ताक दुपारवर ढकललं. जेवण आणि झोप यांत तीन तास. सगळ्यात जास्त फरक या तीन तासांनी पडला, हे मी वहीवरून सांगू शकते.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे घातले. उशांवर उशा ठेवून हे होत नाही. त्याने आपण कमरेत वाकतो आणि पोटावर दाब येतो. डाव्या कुशीवर झोपते. जेवणावर सोडा पिणं सोडलं. ढेकर आला की बरं वाटतं, पण तो वायू झडप उघडूनच बाहेर येतो आणि सोबत आम्ल आणतो. जळजळ झालीच तर दोन घोट साधं पाणी घेते. अन्ननलिकेला चिकटलेलं आम्ल धुऊन खाली जातं.

नणंदबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पण शास्त्रात लिहिलंय की, भोजनान्ते विष." त्यांच्याकडचा श्लोक आम्ही दोघींनी मिळून काढून वाचला. चाणक्यनीतीतल्या त्या श्लोकाचा शेवटचा चरण जेवण संपताना पाणी विषासारखं म्हणतो, पण त्याच्याच आधीचा चरण आहे "भोजने चामृतं वारि", म्हणजे जेवताना पाणी अमृत. आयुर्वेदातल्या अष्टांगहृदयातही पोटाचे दोन भाग अन्नाने, एक द्रवाने भरावा आणि चौथा मोकळा ठेवावा असं आहे. माझ्या डॉक्टरांनी पोटाच्या भाराबद्दल सांगितलेलं याच्याशी किती जुळतं! आता त्याही ताटाजवळ फुलपात्र ठेवतात.

पाणी खरंच वेगळं ठेवावं लागतं ते वजन कमी करण्याची किंवा जठराचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना. त्यांना जेवणानंतर अर्धा तास थांबायला सांगतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात दिवसाच्या पाण्याचीच मर्यादा असते, तिथे डॉक्टरांनी दिलेलं माप पाळायचं. आणि छातीतली जळजळ चालताना, जिना चढताना वाढत असेल, दरदरून घाम येत असेल, तर ती पोटाची धरून घरी बसू नये. आधी ईसीजी काढावा.

माझी गोळी आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी थांबवली. लग्नकार्यात उशिरा जेवण झालं की त्रास अजूनही डोकावतो. त्या रात्री मी बसूनच राहते, तीन तास होईपर्यंत.