आदेशावरची तारीख की राजपत्रातली? आमच्या कंटेनरचा अनुभव

मस्जिद बंदरच्या एका छोट्या आयातदाराकडे मी कागदपत्रं सांभाळतो. आमचा माल न्हावा शेवाला पोचला आणि अडकला. तोवर खुल्या असलेल्या या मालाला आता परवाना लागत होता. परवान्याची ही बंदी घालणाऱ्या आदेशावर मंगळवारची तारीख होती, त्याच दिवशी तो विभागाच्या संकेतस्थळावर आला होता. आमची एलसी, म्हणजे विक्रेत्याला पैसे मिळतील याची बँकेची लेखी हमी, बँकेने गुरुवारी उघडली. अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: बंदी आधी, एलसी नंतर, म्हणजे सवलत नाही.

सवलत म्हणजे परकीय व्यापार धोरणातला परिच्छेद 1.05. बंदी लागू होण्यापूर्वी अपरिवर्तनीय एलसी उघडली असेल आणि बंदीपासून 15 दिवसांत ती परकीय व्यापार महासंचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयात नोंदवली असेल, तर माल सहसा सोडतात. नोंदणी आम्ही वेळेत केली होती. प्रश्न एवढाच उरला, की बंदी लागू झाली कधी?

1992च्या परकीय व्यापार कायद्याचं कलम 3 वाचलं. बंदी घालायची ती 'राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या आदेशाने'. आमच्या हातातल्या प्रतीच्या डोक्यावर तर 'राजपत्रात प्रसिद्ध होणार' असंच छापलं होतं! म्हणजे तेव्हा ती अजून प्रसिद्ध व्हायचीच होती.

egazette.gov.in वर वाणिज्य मंत्रालय निवडून असाधारण राजपत्र शोधलं. तिथे जारी झाल्याची आणि प्रसिद्ध झाल्याची अशा दोन वेगळ्या तारखा दिसतात. आपल्याला दुसरी हवी. आमच्या आदेशासमोर ती पुढच्या सोमवारची होती. पीडीएफवरच्या CG-DL-E ने सुरू होणाऱ्या क्रमांकातही तीच तारीख, आणि खालच्या डिजिटल सहीत वेळसुद्धा. ही वेळ फार मोलाची आहे. 16 फेब्रुवारी 2019ला पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क लावणारी अधिसूचना रात्री 8:46:58ला चढली, आणि त्याच दिवशी त्याआधी बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं सीमाशुल्क विभागाला द्यायचं विवरण, दाखल केलेल्यांना ते शुल्क लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये ठरवलं.

शेठना वाटलं, 'आम्हाला माहीतच नव्हतं' हेही लिहावं. मी ते काढून टाकायला लावलं. सोनं घेऊन मनिलाला निघालेला मायर हान्स जॉर्ज 28 नोव्हेंबर 1962ला सांताक्रूझ विमानतळावर पकडला गेला. भारतातून पुढे जाणारं सोनंही विमानाच्या मालयादीत जाहीर करायला लावणारा नवा नियम 24 नोव्हेंबरच्या राजपत्रात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, पण सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवलं. एकदा राजपत्रात आलं की माहीत नसणं चालत नाही.

सुनावणीत आम्ही राजपत्राची प्रत, कलम 3 आणि एलसी उघडल्याचा बँकेचा स्विफ्ट संदेश एवढंच ठेवलं. दोन कंटेनर सुटले. तिसरा नाही, कारण त्याचं प्रमाण एलसीत दुरुस्ती करून वाढवलं होतं आणि ती दुरुस्ती सोमवारनंतरची होती. त्याच्यासाठी परवान्याचा अर्ज केला आहे.