पाचवीचा ‘भाषाकुळं’ पाठ आणि वरची रिकामी चौकट

शिक्षण परिषदेसाठी नमुना पाठ घ्यायचा होता. मी विषय घेतला भाषाकुळांचा. आमची शाळा सांगली जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेकडं. वर्गातली बरीच पोरं घरी कन्नड बोलतात, त्यामुळं साहित्य घरबसल्या हाताशी होतं. कार्डं, फळा, वेळेची वाटणी यांत काहीच अडलं नाही. अडलं ते पाठाच्या टाचणावर साहेबांची सही घेताना.

पाठाचा गाभा एकाच शब्दाचा वंशवृक्ष होता: सात. संस्कृत सप्त, त्यातून प्राकृतात सत्त आणि पुढं मराठीत सात. ही सरळ फांदी. शेजारी फारसी हफ्त. त्यावरून हफ्ता म्हणजे सात दिवस, आणि तोच आपल्याकडं बचत गटाचा ‘हप्ता’ झाला. तिसरी फांदी लॅटिन सेप्तेम. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून धरायचे, म्हणून सातवा महिना सप्टेंबर. इंग्रजी सेव्हन चौथी. म्हणजे सात, हप्ता आणि सप्टेंबर हे तिन्ही शब्द एकाच आजीची नातवंडं. एक घरातच वाढलं, दुसरी दोन बाहेरून पाहुणी आली.

या झाडाच्या टोकाला मी रिकामी चौकट ठेवली होती आणि तिच्यावर फक्त एक चांदणी. साहेबांनी तिथंच लाल पेन ठेवलं.

“मॅडम, इथं संस्कृत लिहा.”

मी म्हटलं, “सर, संस्कृत मधल्या ओळीत आहे, लॅटिनच्या बरोबरीनं. ती बहीण आहे, आई नाही.”

“सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या, हे पोरांनासुद्धा माहीत असतं. रिकामी चौकट पाठात चालत नाही.” टाचण परत. दुरुस्त करून नेलं, तरी पुन्हा तेच. हा राग अजून गेलेला नाही, कारण सही अडली होती ती मुद्द्यावर नव्हे, चौकट भरलेली दिसावी म्हणून.

शेवटी मी आकडेच पुढं ठेवले. संस्कृतात सप्त आणि अष्ट, दोन्हींतला पहिला स्वर ‘अ’. लॅटिनमध्ये मात्र सेप्तेम आणि ओक्तो. एकात ए, दुसऱ्यात ओ. ग्रीकमध्येही हेप्ता आणि ओक्तो, तोच फरक. लॅटिन संस्कृतातून निघाली असती तर एकाच ‘अ’चा एकीकडं ए आणि दुसरीकडं ओ का झाला, याचा नियम सापडायला हवा. तसा सापडत नाही. उलट मूळ भाषेत ए आणि ओ वेगळे होते आणि संस्कृताकडं येताना दोन्हींचा ‘अ’ झाला असं धरलं, की सगळं बिनबोभाट बसतं. ती मूळ भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. तिचे शब्द अंदाजानं बांधतात, आणि ते अंदाजाचे आहेत हे कळावं म्हणून अभ्यासक आधी चांदणी काढतात. ही भाषा बहुधा आता उरलेली नाही, असं विल्यम जोन्सनं 1786 मध्येच कलकत्त्यात म्हटलं होतं. हे ऐकल्यावर साहेबांनी सही केली. शेरा मारला: “चौकट रिकामी का, ते तोंडी सांगावे.”

वर्गात मात्र पोरांना ती चौकट क्षणभरही खटकली नाही. खरी गंमत ‘आठ’च्या कार्डांवर झाली. भाषेची नावं झाकून गटानं कार्डं लावायची होती. एका गटानं इंग्रजी एट आणि तमिळ एट्टु शेजारी ठेवले, वर मराठी आठ. दिसायला बिनचूक! मग मी तमिळचे बाकीचे आकडे काढायला लावले: मून्रु, एळु. एक पोरगी उठून म्हणाली, “बाई, आमची आज्जी मूरु, एळु, एंटु म्हणती. हे आमच्यातलं हाय.” एट्टु तिनंच उचलून कन्नडच्या एंटुजवळ नेलं. एकटा शब्द योगायोगानं जुळतो. आकड्यांची सगळी ओळ जुळत गेली तरच नातं धरायचं. कन्नड, तमिळ, तेलुगू हे वेगळं, द्राविड कुळ आहे, हे सांगायला मला वेगळा तास लागला नाही.

आता आठवलं म्हणून सांगते, कुणी हा पाठ घेणार असेल तर आई-बाबा हे शब्द घेऊ नका. साहेबांनी तेच सुचवलं होतं. बाळाच्या तोंडात मा, पा, बा हे आवाज आधी येतात, म्हणून जगात कितीतरी भाषांत तसले शब्द सापडतात आणि सगळ्या भाषा एका घरातल्या वाटायला लागतात. अण्णा, अक्काही नकोत. ते कन्नडकडून आलेले, त्यांच्यावरून मराठी भलत्याच झाडावर जाते. एक ते दहा आकडे आणि हात-पाय-दात पुरतात. आणि कार्डांवर उच्चार देवनागरीतच लिहा. इंग्रजी स्पेलिंग दिलं की पोरं आवाज सोडून अक्षरं जुळवत बसतात.