शवासनातली बासरी कुणाची?

आमच्या अंबाजोगाईत सकाळी साडेपाचचा योगवर्ग चालतो. तासाच्या शेवटी मॅडम शवासन लावतात आणि टेबलावरच्या स्पीकरला पेनड्राइव्ह जोडतात. पेनड्राइव्हमध्ये अर्ध्या तासाची एकच फाइल आहे. ती वर्षानुवर्षं वाजतेय, तिचं नाव नुसतं 'shavasan final 2'. तिच्यात अकराव्या मिनिटाला एक बासरी सुरू होते. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे डोळे मिटले तरी कान मिटत नाहीत. एक दिवस परत येताना आमच्या मंडळाचे बुवा म्हणाले, "ही आपल्याकडचीच बासरी, भूप वाजवायलाय बगा." मी म्हणालो, आपल्याकडची वाटत नाही. पैज लागली, दोन चहाची. ती मिटवायला मला दोन महिने लागले.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच. वर्गात मोबाइलवर गाणं ओळखणारं शाझम लावलं. काहीच सापडलं नाही. वर पंखा, मध्ये मॅडमचं "पायाची बोटं सैल सोडा", आणि स्पीकर हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मग मॅडमकडून फाइलच मागून घेतली. "काय करायलाव सर तिचं?" म्हणाल्या, पण दिली. घरी दार लावून लॅपटॉपवर वाजवली, मोबाइल शेजारी ठेवला. सुरुवातीच्या भागाला एक नाव आलं, शेवटच्या भागाला दुसरं. म्हणजे फाइल तीन वेगवेगळे तुकडे जोडून केलेली होती. आणि मधला तुकडा, म्हणजे आमची बासरी, तेवढी ओळखता येत नव्हती. तीनदा, चारदा, मधूनच, शेवटून, सगळं करून पाहिलं. गुगलला गुणगुणून दाखवलं तर त्याने मला सिनेमाची गाणी सुचवली. भूपाचे पाच स्वर कुणी गुणगुणले की त्यातून निम्मा सिनेमा निघतो, त्याचाही दोष नाही.

फाइलच्या गुणधर्मात कलाकार, अल्बम, वर्ष, सगळे रकाने रिकामे. मॅडमना एवढंच आठवत होतं की एका यूट्यूब चॅनलवरून उतरवली होती आणि ते चॅनल आता दिसत नाही.

खरी वाट दाखवली ती पेटीने. एका संध्याकाळी वाटलं, निदान धून तरी बसवू. पेटी काढली आणि सा शोधायला लागलो. पांढरी तीन दाबली तर पेटी वर, काळी दोन दाबली तर पेटी खाली. कोणत्याच पट्टीत बसेना. आधी संशय पेटीवरच घेतला, जुनी आहे, सूर उतरले असतील. म्हणून मोबाइलवरचं ट्यूनर लावून पाहिलं. पेटी बरोबर होती. रेकॉर्डिंग पांढरी तीनपेक्षा सुमारे बत्तीस सेंट खाली. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट, तेव्हा हे जवळपास एक तृतीयांश पट्टी झालं.

बासरीवाला स्वतःच थोडा उतरून वाजवत असेल, हेही शक्य होतं. पण बासरीखाली एक लांब, धुक्यासारखा कीबोर्डचा सूर चालतो. त्यालाही ट्यूनर लावलं, तोही तेवढाच खाली. कीबोर्ड सहसा जन्मतःच असा लावलेला असतो की त्याची पांढरी सहा ४४० हर्ट्झला वाजते, तो कुणी उगीच एक तृतीयांश पट्टी उतरवत नाही. म्हणजे वाजवून झाल्यावर कुणीतरी सगळं रेकॉर्डिंगच खाली ओढलं होतं. मॅडमना विचारलं, त्या व्हिडिओच्या नावात '४३२' असं काही होतं का? "हो की, ४३२ हर्ट्झ, हीलिंग का काय ते."

ध्यानाच्या संगीतात ही रीत फार आहे. ४४० च्या हिशेबाने झालेलं तयार संगीत घ्यायचं, ४३२ ला उतरवायचं आणि नव्या नावाने चढवायचं. गणित सोपं आहे. ४३२ भागिले ४४० म्हणजे ०.९८१८, आणि एवढी घट बत्तीस सेंटांच्या आसपास येते. ट्यूनरचा आकडा जुळला. त्याने आरोग्याला काय होतं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण शोधणाऱ्याची मात्र पंचाईत होते. शाझम धून ओळखत नाही. ते त्या ठरावीक रेकॉर्डिंगमधले सर्वांत ठळक ठिपके धरतं, कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या जोरात होती ते, आणि त्यातल्या दोन-दोन ठिपक्यांच्या जोड्या आपल्या साठ्याशी ताडून बघतं. त्याची रीत अ‍ॅव्हरी वांग यांनी २००३ सालच्या निबंधात मांडली आहे. गोंगाट असला तरी काही ठिपके टिकतात आणि काम भागतं. पण सगळेच ठिपके एकदम थोडे खाली सरकले, तर जोड्या जागेवर राहत नाहीत. आपल्या कानाला तीच बासरी, त्याच्या वहीत मात्र ती नोंदच नाही.

मग उलटं करायचं. मुलीने ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-बदलायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं, फुकट मिळतं. अकराव्या मिनिटापासूनचा तुकडा कापला. तो कापताना दोन्ही टोकांचे वीसेक सेकंद सोडून दिले, कारण तिथे आधीचा आणि नंतरचा तुकडा एकमेकांत मिसळलेला होता. सूर उतरवण्याचे प्रकार दोन आहेत. एकात लय तशीच ठेवून फक्त सूर सरकवतात, दुसऱ्यात टेप हळू फिरवल्यासारखं दोन्ही मिळून खाली जातं. आपल्या फाइलला काय केलंय ते ऐकून कळत नाही. आधी Change Pitch मधून नुसता सूर वर नेला. शाझम गप्प. मग पूर्ववत करून वेग बदलला, गुणक १.०१८५, म्हणजे ४४० भागिले ४३२. पांढरी तीन दाबली, पेटी चपखल बसली. मोबाइल जवळ नेला आणि दहाएक सेकंदांत नाव आलं.

मी लगेच विश्वास ठेवला नाही, कारण असल्या संगीतात एकसारखे तुकडे फार असतात. ते रेकॉर्डिंग स्पॉटिफायवर काढलं. त्यात सुरुवातीला एक घंटा आहे आणि शेवटी एक. मूळ रेकॉर्डिंगमध्ये दोन घंटांमध्ये ३ मिनिटं ३६ सेकंद होते, मॅडमच्या फाइलमध्ये ३ मिनिटं ४० सेकंद. २२० सेकंदांना ०.९८१८ ने गुणा, २१६ येतात. शंका मिटली.

पण जे नाव आलं ते माणसाचं होतं का? कलाकाराच्या पानावर सूर्योदयाचं चित्र, माहितीच्या जागी काही नाही, कार्यक्रम नाहीत, गावाचा पत्ता नाही. असल्या प्लेलिस्टांमध्ये हे नेहमीचंच आहे. २०२४ साली डागेन्स न्युहेटर या स्वीडिश वर्तमानपत्राने योहान रोर या एकाच संगीतकाराने साडेसहाशेहून जास्त नावांनी संगीत चढवल्याचं छापलं होतं. तेव्हा कलाकाराचं नाव ही फक्त पाटी समजायची आणि पाटीमागचं दार शोधायचं. दार क्रेडिट्समध्ये असतं. ट्रॅकच्या तीन ठिपक्यांमधून क्रेडिट्स उघडले की सादरकर्त्याच्या पुढे पाटीवरचंच नाव येतं, पण लेखक-संगीतकाराच्या जागी बहुतेक वेळा खरं नाव द्यावं लागतं, कारण रॉयल्टी त्या नावाने मिळते. तिथे एक नाव आणि आडनाव होतं, युरोपातलं. ते मी इथे लिहीत नाही, त्या माणसाला प्रसिद्धी नको आहे.

दुसऱ्या बाजूने पडताळलं. तोच ट्रॅक यूट्यूबवर, कंपनीने आपोआप चढवलेल्या रूपात होता. अशा व्हिडिओचं वर्णन "Provided to YouTube by" या शब्दांनी सुरू होतं आणि त्यात संगीतकाराचंही नाव असू शकतं. तिथेही तेच आडनाव. मग isrcsearch.ifpi.org वर त्याच शीर्षकाचे ट्रॅक शोधले. शीर्षक इतकं साधं की तसल्या नावाचे कितीतरी निघाले, पण त्यातल्या दोघांचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक एकच होता. हा क्रमांक रेकॉर्डिंगला मिळतो, अल्बमला नाही, त्यामुळे वेगळ्या पाटीखाली असलं तरी ते हेच रेकॉर्डिंग.

इथवर बुवांना सांगायला हरकत नव्हती. पण पैज संगीतकारावर नव्हती, बासरीवर होती. आणि बासरीबद्दल मला एक गोष्ट खटकत होतीच. भूपात गंधारावरून रिषभावर येताना आपला बासरीवाला घसरत येतो, मींड घेतो. इथे सूर पायरीवर पाय ठेवल्यासारखे येत होते. शिवाय प्रत्येक पंचमाआधी श्वासाचा एक बारीक 'फुस्स' होता, दर वेळी अगदी तसाच. ऑडॅसिटीत असे चार पंचम कापून एकाखाली एक ठेवले. माणूस चार वेळा श्वास घेतो तेव्हा चार आकार दिसतात. इथे चारही 'फुस्स' एका साच्यातून काढलेल्या करंज्यांसारखे होते.

त्या संगीतकाराची छोटीशी वेबसाइट सापडली, तिच्यावरून ईमेल लिहिला. मुलीने इंग्रजी नीट करून दिलं. घंटांचा हिशेबही टाकला, म्हणजे उगाच विचारतोय असं वाटायला नको. नऊ दिवसांनी उत्तर आलं. होय, रचना त्यांचीच. बासरी वाजवली कीबोर्डवर. विकत घेतलेल्या नमुन्यांच्या संचात एका बासरीवादकाचा एकेक स्वर वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो, पट्टी दाबली की तो वाजतो. वादक कोण हे त्यांना माहीत नव्हतं, संचाच्या पुस्तिकेत नाव दिलेलं नाही. ४३२ च्या व्हिडिओबद्दल त्यांनी एवढंच लिहिलं, की मला कुणी विचारलं नव्हतं.

बुवांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण फुंक मारणारा कुणीतरी माणूस होताच ना? तो आपल्याकडचा नसेलच असं कशावरून म्हणायलाव?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्यामुळे चहा दोघांनी आपापला घेतला.

मॅडमना मूळ ट्रॅकचा दुवा दिला आणि फाइलऐवजी तोच लावायला सांगितला. आता शवासनात बासरी पूर्वीपेक्षा एक तृतीयांश पट्टी वर वाजते. वर्गातल्या एकाच्याही लक्षात आलेलं नाही.