तुम्ही विचारलंत म्हणून: स्पॉटलेस की हायजेनिक?

‘दोन खोल्या ऑनलाइन टाकतोय. स्पॉटलेस लिहू, हायजेनिक लिहू, सॅनिटाइज्ड की प्रिस्टीन? नुसतं स्वच्छ फार साधं वाटतं.’

पाणी बोअरचं असेल, तर ‘स्पॉटलेस’ला हात लावू नका. गुहागरकडच्या एका काकूंच्या खोल्यांची जाहिरात मी लिहून देतो, तिथलंच सांगतो. कोकणात जांभ्याच्या भागात पाण्यात लोह असणं नवीन नाही. बोअरचं पाणी बादलीत नितळ दिसतं, पण हवा लागली की लोहाचा गंज होतो आणि कमोडच्या आत तांबूस-पिवळा ओघळ धरतो. काकू रोज घासायच्या, तरी पाहुण्याने फोटोसकट लिहिलं, ‘स्पॉटलेस म्हणे!’

त्यावर काकूंनी ब्लीच ओतलं, तर डाग आणखी गडद झाला. होणारच, कारण ब्लीच जंतू मारतं, लोहाला मात्र उलट गंजवतं. त्या डागाला आंबट काहीतरी लागतं. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून तासभर ठेवलं आणि घासलं, की तो सुटतो. फक्त आधीचं ब्लीच भरपूर पाण्याने धुऊन काढा. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली बाथरूम असते चार बाय सहाची. पांढऱ्या चादरींनाही हाच नियम.

म्हणजे डाग असलेला कमोड निर्जंतुक असू शकतो आणि लख्ख दिसणारा नसूही शकतो. ‘सॅनिटाइज्ड’ लिहायचं तर नुसता फवारा मारून भागत नाही. आधी साबणाने मळ काढायचा, कारण मळातच क्लोरीन खर्ची पडतं. मग ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली घालून पुसायचं आणि दहा मिनिटं पृष्ठभाग ओला राहू द्यायचा. एक पाहुणा अकराला गेला, दुसरा बाराला दारात, अशा दिवशी हे कोण करतं? काकू तरी नाही. म्हणून तो शब्द काढला.

‘हायजेनिक’ म्हटलं की लोक थेट स्वयंपाकघर आणि पिण्याचं पाणी विचारतात. उत्तर तयार असेल तर खुशाल लिहा. ‘प्रिस्टीन’ खोलीला शोभतच नाही. तो समुद्रकिनाऱ्याचा शब्द, आणि किनारा काही आपण झाडत नाही.

आता काकूंच्या पानावर असं आहे: ‘प्रत्येक पाहुण्यानंतर चादरी, अभ्रे, टॉवेल बदलतो. बाथरूम रोज धुतो. बोअरच्या पाण्यात लोह आहे, कमोडमध्ये तांबूस छटा दिसेल. पिण्याचं पाणी फिल्टरचं.’ काकू आधी वैतागल्या, ‘अरे, डाग आहेत असं आपणच सांगायचं?’ पण एअरबीएनबीवर स्वच्छता आणि माहितीचा खरेपणा यांचे तारे वेगवेगळे पडतात. ‘स्पॉटलेस’ लिहून डाग दिसला तर दोन्हीकडे फटका. छटेचं वाक्य ठेवलं. काकूंनी त्याच्याआधी एक शब्द घातला, ‘घासूनही’.