वेरूळच्या एका दिवसाचा हिशेब

मार्चअखेर, गुरुवार रात्र. छत्रपती संभाजीनगर.

परवा संध्याकाळी गाडी ठरवताना ड्रायव्हरदादांनी यादी ऐकवली होती: दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, पाणचक्की. "सहा पॉइंट होतात ताई, एका दिवसात सगळेच करतात." शहरातून वेरूळ तीसेक किलोमीटर आणि बाकीचं बरंच काही त्याच वाटेवर किंवा शहरातच. नकाशावर बघितलं तर त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. पण माझ्यासोबत सत्तरीला टेकलेली आई आणि दहा वर्षांचा भाचा होता, आणि मला पॉइंट करायचे नव्हते, वेरूळ बघायचं होतं. म्हणून वही काढून बसले.

आधी वार. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी जास्त. म्हणून गुरुवार धरला.

मग ऊन. या दिवसांत साधारण साडेसहाला उजाडतं आणि तितक्यालाच मावळतं, म्हणजे दिवस बारा तासांचा. पण बारा ते चार या वेळात मोकळ्यावर चालणं आईला झेपणारं नाही, म्हणून ते चार तास आधीच वजा केले. वेरूळचा डोंगर काळ्या बसाल्टचा. तो दिवसभर ऊन पितो आणि सूर्य कलल्यावरही कितीतरी वेळ धग सोडत राहतो, त्यामुळे चार वाजले की लगेच गार होतं असंही नाही. लेण्यांच्या आत गारवा असतो, त्रास होतो तो एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना. आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. डोंगर त्यांच्या पाठीशी, पूर्वेला. त्यामुळे सकाळी त्यांच्या पुढ्यात डोंगराचीच सावली असते आणि दुपारनंतर ऊन थेट आत येतं. दहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात ते दुपारचं ऊन वरच्या खिडकीतून बुद्धमूर्तीकडे येतं, ते बघण्यासारखंच असतं. पण सकाळची सावली आणि दुपारचा उजेड दोन्ही एकाच फेरीत मिळत नाहीत. आईसाठी मी सावली घेतली.

चालण्याचा हिशेब किलोमीटरमध्ये केला तर फसायला होतं. एकूण 34 लेणी, एका रांगेत, दोनेक किलोमीटरच्या पट्ट्यात. ऐकायला काहीच नाही. पण बाराव्या लेण्याला तीन मजले आहेत आणि दगडी पायऱ्या उंच. पंधराव्याला आधी बाहेरच्या पायऱ्या, मग आतला जिना. आईच्या गुडघ्यांना अंतर कळत नाही, पायऱ्या कळतात. म्हणून पंधरावं सोडलं, आणि बाराव्यात आई तळमजल्यावरच बसेल असं ठरवलं. जैन लेणी टोकाला आहेत, तिथवर गाडीनेच जायचं.

रांग लेण्यांना सकाळी नसते, दहानंतर सहलींच्या बस आल्या की गर्दी होते. खरी रांग देवळात. रांगेत उभं राहणं चालण्यापेक्षा जास्त थकवतं, त्यातून अनवाणी पाय आणि तापलेली फरशी. त्यामुळे आईचं दर्शन सर्वांत आधी, फरशी गार असतानाच.

राहिलं लक्ष, आणि माझ्या मते सगळा हिशेब इथेच ठरतो. पाय दमले तर बसून भरून निघतं, डोळे दमले तर तसं होत नाही. मोठ्या माणसाचंही कोरीव काम मन लावून बघणं सलग तासाभराहून जास्त टिकत नाही, मधे चहा आणि सावली मिळाली तर दिवसभरात तीन-साडेतीन तास. लक्ष संपल्याचं ओळखू येतं: माणूस मूर्तीऐवजी पाटी वाचायला लागतो, प्रश्न विचारणं थांबतं, आणि मुलं "अजून किती आहेत?" असं विचारतात. तेही लवकर संपतं ते एकासारखं एक बघितलं की. पहिल्या बारा बौद्ध लेण्यांपैकी बहुतेक विहार आहेत, ओळीने चार बघितले की पाचवा दिसेनासाच होतो. म्हणून प्रकार बदलत जायचं: एक मंदिर, एक मोठा विहार, एक चैत्य, एक जैन लेणं.

एक खर्च कुठल्याच यादीत नसतो. लख्ख उन्हातून अंधाऱ्या गाभाऱ्यात शिरलं की डोळे सरावायला पाचेक मिनिटं लागतात. ती न देता लोक आत डोकावतात, काळोख बघतात आणि बाहेर येतात. प्रत्येक लेण्यामागे ही पाच मिनिटं मी वेगळी मांडली.

मग आकडे असे बसले. पावणेसातला निघून साडेसातपासून घृष्णेश्वर, पाऊण तास. सव्वाआठ ते पावणेबारा लेणी, म्हणजे 210 मिनिटं. त्यात कैलासाला 80, मग सावलीत बसून ताक आणि दशम्या 20, बारावं 30, दहावं 25, गाडीने जैन लेण्यांकडे 15, बत्तिसावं 30. बेरीज 200, दहा मिनिटं हाताशी. चौतीसपैकी चार लेणी.

कैलास पहिलं, कारण ताजं लक्ष तिथेच खर्चायला हवं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडलेलं हे देऊळ डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आणलं आहे, आणि मागची कातळभिंत शंभर फुटांवर उंच आहे. त्यामुळे अंगणात ऊन उशिरा उतरतं. आज आम्ही एका बाजूला रामायणाचा पट, दुसऱ्या बाजूला महाभारताचा, मग कैलास हलवणारा रावण, असं सावकाश फिरलो. भाच्याने रावणाचे हात मोजले, मग पुन्हा मोजले, मग पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे हे त्याचं त्यालाच दिसलं. तिथे वीस मिनिटं गेली. ती जावीत म्हणूनच तर बाकीचं कापलं होतं.

बाराव्यात तो वरच्या मजल्यावर माझ्याबरोबर आला, ओळीने बसलेले सात बुद्ध बघून खाली जाऊन आजीला सांगून आला. दहाव्यात दगडातल्या फासळ्या बघून आई म्हणाली, "हे लाकूडकामच आहे गं." सुतार की झोपडी म्हणतात त्याला, उगीच नाही. बत्तिसाव्यात वरच्या मजल्यावरचं छतावरचं कमळ बघताना भाच्याने पहिल्यांदा "अजून किती?" विचारलं, तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिथेच थांबलो.

जेवण, खोलीवर झोप, आणि साडेपाचला मकबरा. तिथे फार चालायचं नाही, बागेच्या कडेला बसून बघायचं. खुलताबाद आणि पाणचक्की राहिली. सहातली तीन ठिकाणं झाली, आणि रात्री जेवताना तिघांनाही तिन्हींबद्दल बोलता आलं.

दौलताबाद वाटेत लागला तेव्हा तासलेला कडा गाडीतूनच दाखवला होता. वरपर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, मधे अंधारी नावाची काळोखी भुयारी वाट, तो इतर कशाला जोडून करायचा किल्लाच नव्हे. उद्या सकाळी तेवढाच. भाचा आणि मी सातला चढायला लागू, दहाच्या आत बारादरीवरून परत फिरू, माणशी दोन लिटर पाणी आणि एक विजेरी. आई चाँद मिनार आणि भारतमाता मंदिराच्या खांबांपर्यंत येईल, तिथवर वाट बरीचशी सपाट आहे.