कु आणि पुढे दोन उभ्या रेघा

«मोडी येते ना तुम्हाला? मग दोन पानं वाचायला आठवडा कशाला लागतो? आणि वाचनाचे पैसे वेगळे, भाषांतराचे वेगळे, असं का?»

येते. दहा दिवसांचा वर्ग संपवून प्रमाणपत्र घरी आणलं, त्या दिवशी तर आजच्यापेक्षा जास्त येत होती. तेव्हा मीही कागद हातात आला की पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागायचे. अडखळले तर अंदाजाने पुढे. बघणारे खूश, मीही खूश.

आता पहिल्या संध्याकाळी मी वाचतच नाही. कागदात जे शब्द असणारच ते आधी शोधते: मौजे, तारीख, महिन्याचं नाव, गावाचं नाव, सदरहू. हे शब्द काय आहेत ते मला आधीच माहीत असतं, म्हणून त्यातली अक्षरं खात्रीची. ती वहीत उतरवून त्या एका कारकुनाची मुळाक्षरं तयार करते. तो व कसा काढतो, ब कसा, काना पुढच्या अक्षराला कसा जोडतो. वर्गात शिकवतात ती मोडी कुठल्याच कारकुनाची नसते. आणि कागद जितका अलीकडचा तितका सोपा, हाही गैरसमज. पेशवाईतला बोरूने लिहिलेला दफ्तरी कागद पुष्कळदा आखीव असतो. इंग्रजी अमदानीतला, टाकाने घाईघाईत ओढलेला, जीव खातो.

मग लिप्यंतर. ओळीला ओळ, जसं आहे तसं देवनागरीत. मोडीत आधी अख्खी ओळ आखून तिला अक्षरं टांगतात. शब्द कुठे संपला हे कागद सांगत नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत, अनुस्वार असला तर असला. एका वाटणीच्या कागदात सलग «रामाजीवबाजी» होतं. रामाजी व बाजी असं तोडलं की हिस्सेदार दोन, रामा जिवबाजी असं तोडलं की जिवबाचा मुलगा रामा, एकच. तोडायचं कुठे हे त्या ओळीत नव्हतंच. चौदा ओळी खाली «उभयता» आलं, तेव्हा दोन ठरले. या चौदा ओळींचे पैसे मी वाचनाचे म्हणून घेते. आजच्या मराठीत किंवा इंग्रजीत करणं हे त्यानंतरचं काम, आणि खरं सांगायचं तर सोपं. इंग्रजीत तर जास्तच जपावं लागतं, कारण तिथे वाक्य गुळगुळीत झालं की मूळ कागदात शंका होती हे कुणाला कळतच नाही.

हे सगळं मी आधीपासून असंच करत होते, असं म्हणायला आवडलं असतं.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शासनाने समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांचे फोन अचानक वाजू लागले. माझ्याकडे एक गृहस्थ पुतण्याला घेऊन आले. मोबाइलमध्ये फोटो, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात त्याचं एक पान. मयताचं नाव रामा, बापाचं नाव सखाराम. आडनाव नाही, त्या वहीत कुणालाच नव्हतं. त्यांच्या वंशावळीत रामा बिन सखाराम होताच. जातीच्या रकान्यात कु, आणि पुढे दोन उभ्या रेघा: कु॥. संक्षेपाची खूण. मौ। म्हणजे मौजे, बि॥ म्हणजे बितपशील, तसंच हे. मी तासाभरात लिहून दिलं: जात, कुणबी. कंसात नाही, शंकेची खूण नाही. खाली सही.

दीड महिन्याने त्याच गावातलं दुसरं कुटुंब आलं. तीच वही, पण त्यांनी सलग अकरा पानांचे फोटो आणले होते. हात तोच, माझ्या ओळखीचा. या पानांवर कुणबी तीनदा आलं होतं आणि तिन्हीदा पूर्ण लिहिलेलं, कुणबि. कु॥ पाचदा. त्यातल्या एका माणसाच्या बायकोची नोंद दोन पानांनंतर होती, आणि तिथे रकान्यात होतं «कुभार». अनुस्वार न देणारा कारकून, म्हणजे कुंभार. हा माणूस कुणबी पूर्ण लिहितो आणि कुंभाराचा संक्षेप करतो, असं निदान या अकरा पानांवरून दिसत होतं.

म्हणजे तो रामा कुंभाराचा असण्याचा संभव जास्त. मग तो त्या गृहस्थांचा रामा नव्हेच. एका गावात सखारामाचे रामा दोन असू शकतात, यात नवल काय?

रात्रभर मी स्वतःशी भांडले. गावात कुणबी जास्त, कुंभार दोन-चार घरं, मग कु॥ला कुणबी म्हणणं साहजिकच होतं की! शिवाय एकच पान दिलं होतं, मी काय करणार? हे सगळं आजही मला पटतं. पण एकच पान होतं हे मी लिहून का दिलं नाही, याला उत्तर नाही. खरं कारण एवढंच की समोर दोन माणसं आशेने बसली होती आणि मला मोडी येत होती.

सकाळी फोन केला. तोवर कागद दाखल झाला होता.

«मॅडम, तुम्हीच लिहून दिलंत ना?»

«हो. पण ते तसं खात्रीने म्हणता येत नाही.»

«मग तेव्हा कसं म्हणता आलं?»

मी सुधारून लिहून दिलं: जात, «कु॥», मुळात संक्षेप, या लेखकाच्या इतर पानांवर हाच संक्षेप कुंभार या अर्थी आढळतो. त्यांनी तो कागद नेला नाही. पुतण्या नंतर म्हणाला की दुसऱ्या एका जाणकारांनी कुणबीच वाचलंय. वाचोत. ते चूक आहेत असं मी शपथेवर सांगणार नाही. अकरा पानं म्हणजे वही नव्हे, आणि कारकूनही माणूसच, एखाद्या दिवशी हात आखडला तर कुणबीलाही दोन रेघा मारेल.

तेव्हापासून संक्षेप मी लिप्यंतरात तसाच ठेवते, उलगडा कंसात देते आणि कशावरून केला ते खाली एका ओळीत. त्यासाठी मागची-पुढची पानं मागते. लोक वैतागतात. «एका शब्दासाठी?» हो, एका शब्दासाठी. आठवडा तिथेच जातो. अक्षरं काय, ती पहिल्या दिवशीच लागलेली असतात.

गेल्या महिन्यात तोच पुतण्या पुन्हा आला, एकटाच. त्याच वहीतलं पुढच्या वर्षांतलं पान. हात बदललेला, नवा कारकून, अक्षर उजवीकडे कललेलं, वेलांटी वरून मागे नेणारा. रकान्यात पुन्हा कु॥.

«याचं तरी नक्की सांगा, मॅडम.»

या माणसाची मुळाक्षरं माझ्याकडे नाहीत. कुणबी तो पूर्ण लिहितो की तोडतो, मला ठाऊक नाही. मागची दहा आणि पुढची दहा पानं पाठव म्हटलंय. अजून आलेली नाहीत.