हे पत्र कोणाकडे आहे?

आमच्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाचा ईमेल पत्ता एकच आहे आणि तो चौघांच्या आउटलुकमध्ये उघडतो. बाहेरच्या विद्यार्थ्याला वाटते की आपण एका कार्यालयाला लिहितो आहोत. आत मात्र ते पत्र चौघांच्या मध्ये येऊन पडते आणि तिथूनच घोटाळ्याला सुरुवात होते.

अशा पेटीतले पत्र न वाचलेले असेपर्यंत ठळक अक्षरांत दिसते. एकाने ते उघडले की सगळ्यांच्याच पडद्यावरचा ठळकपणा जातो, कारण पेटी एकच असल्यामुळे वाचल्याची नोंदही एकच असते. उघडणाऱ्याने नुसती नजर टाकून, ‘हे जोशीबाईंचे काम’ असे मनाशी म्हणून पत्र मिटलेले असते. जोशीबाईंना ते वाचलेले दिसते, म्हणून त्या समजतात की कोणीतरी बघते आहे. आठवड्याने विद्यार्थ्याचा फोन येतो, तेव्हा विभागात नेहमीचा संवाद घडतो.

“मॅडम, दुय्यम गुणपत्रिकेचं तुम्ही कळवलंत ना?”

“मला वाटलं, सर, तुम्हीच कळवलंत.”

याच्या उलट प्रकार निदान उघडकीला तरी येतो. दुय्यम गुणपत्रिकेसाठी काय लागते, असे एका मुलीने विचारले. एका लिपिकाने अर्ज आणि शुल्काची पावती पुरेल असे कळवले. पाऊण तासाने दुसऱ्याने, गुणपत्रिका हरवल्याची पोलिसांकडची नोंदही जोडा, असे लिहिले. दोन्ही उत्तरांखाली सही एकच होती, ‘परीक्षा विभाग’. मुलीने दोन्ही उत्तरे जोडून विचारले की यातले खरे कोणते, आणि तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

दुसऱ्याला पहिले उत्तर दिसले कसे नाही, याचे कारण तांत्रिक आहे. सामाईक पत्त्यावरून पाठवलेल्या उत्तराची प्रत, वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर, पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या ‘Sent Items’मध्ये जाऊन बसते. सामाईक पेटीतही प्रत राहावी, अशी सोय संगणक विभागाला एकदाच चालू करून ठेवता येते. ती कोणी मागत नाही, एवढेच. मूळ पत्रावर उत्तर दिल्याचा छोटा बाण उमटतो हे खरे, पण तो कोणाचा हे त्यावरून कळत नाही. उलट पत्र उघडल्यावर वरच्या पट्टीत ‘You replied to this message’ असे दिसते आणि आपण न दिलेल्या उत्तराचे श्रेय आपल्याच पदरात पडते.

सरकारी कचेऱ्यांनी हा प्रश्न कागदापुरता फार पूर्वीच सोडवला होता. आलेला कागद बारनिशीत नोंदला जाई, साहेब कोपऱ्यात नाव लिहून तो मार्क करत, आणि त्या क्षणापासून तो एका माणसाचा होई. ईमेलमध्ये हीच गोष्ट रंगीत वर्गवारीने, म्हणजे ‘Categories’ने, करता येते. मात्र वर्गांना ‘तातडीचे’, ‘प्रलंबित’ अशी नावे देण्याऐवजी थेट माणसांची नावे द्यावीत, असे माझे ठाम मत आहे. तातडीचे काम कोणाचेच नसू शकते; ‘जोशी’ असे लिहिलेले काम जोशींचेच असते. वर्ग सामाईक पेटीतल्या पत्राला लावला की तो चौघांनाही दिसतो.

हे नाव केव्हा लावायचे, हा खरा कळीचा मुद्दा आहे. बहुतेक जण उत्तर लिहून झाल्यावर खूण करतात, म्हणजे तोवर दुसऱ्याचेही अर्धे उत्तर लिहून झालेले असते. खूण पत्र वाचताक्षणी, उत्तराची पहिली ओळ लिहिण्याआधी व्हायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ‘मी बघतो’ असे टाकणे म्हणजे खूण नव्हे, कारण तो निरोप दुपारच्या शुभेच्छांखाली गडप होतो आणि पत्र पाहणाऱ्याला तो दिसतही नाही.

या खुणेलाही एक मर्यादा आहे. वर्ग त्या एका पत्राला चिकटलेला असतो, सगळ्या पत्रव्यवहाराला नव्हे. विद्यार्थिनीचे ‘धन्यवाद, पण पावती हरवली आहे’ हे पुढचे पत्र कोरेच येते आणि पुन्हा चौघांचे होते. म्हणून बाहेर जाणाऱ्या उत्तराखाली ‘परीक्षा विभाग’च्या वर लिहिणाऱ्याचे नाव हवे. उलट टपालात खालचे जुने उत्तर सोबत येते, त्यातले नाव वाचले की नवे पत्र कोणाचे ते ठरते. पाठवण्याची परवानगी ‘Send on Behalf’ प्रकारची असेल, तर नाव आपोआपच दिसते; ‘Send As’ असेल, तर फक्त विभागाचा पत्ता दिसतो आणि नाव हातानेच लिहावे लागते. विद्यार्थ्यांनी व्यक्तिशः मागे लागू नये म्हणून काही जण ‘Send As’च पसंत करतात. त्यांची अडचण मला समजते. त्यांनी निदान आद्याक्षरे तरी लिहावीत.

राहता राहिला रजेचा प्रश्न. रजेवर जाणाऱ्याने आपल्या नावाची पत्रे चाळून त्यांवर दुसऱ्याचे नाव लावून जायचे, आणि ज्याचे नाव लावले त्याला तोंडी सांगायचे, असे आमच्याकडे ठरले आहे. अचानक आजारी पडणाऱ्याची पत्रे अधीक्षक सकाळीच वाटून देतात.